परत गेलेला माल आणि मधेच अडकलेला कर

हिमायतनगर हे मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावरचे तालुक्याचे गाव. एका अंगाला नांदेड, दुसऱ्या अंगाला तेलंगणाची सीमा. त्यामुळे इथल्या दुकानात माल दोन्ही बाजूंनी येतो. काही नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याकडून, तर काही आदिलाबाद, निर्मल किंवा थेट हैदराबादहून. पावसाळा सरला आणि रब्बीची पेरणी सुरू झाली की विहिरीवरून शेतापर्यंत पाणी नेण्यासाठी पाइपांची मागणी वाढते. गाडी दुकानासमोर लागते, हमाल माल उतरवतात, आणि मोजताना लक्षात येते की काही पाइप फुटलेले आहेत, काही भलत्याच प्रतीचे आहेत.

पुढे काय करायचे हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते. पुरवठादाराला फोन करायचा, खराब माल परतीच्या गाडीत घालायचा, त्याच्या नावाने डेबिट नोट लिहायची आणि तेवढी रक्कम कापून उरलेले पैसे द्यायचे. देण्याचा हिशेब इथे मिटतो. बिलातल्या जीएसटीचा हिशेब मात्र मिटत नाही. खरेदीदाराने लिहिलेल्या डेबिट नोटने त्याच्या स्वतःच्या खातेवहीतले देणे कमी होते, पण सरकारच्या पोर्टलवरचा कर त्या कागदाने जागचा हलत नाही. तो हलतो पुरवठादाराच्या क्रेडिट नोटने. या दोन कागदांमधल्या काळात नेमके काय घडते, ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण काल्पनिक आहे. नियम आणि तारखा खऱ्या आहेत.

बिल, माल आणि तपासणी

समजा, हिमायतनगरच्या एका दुकानदाराने नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याकडून ६३ मिमी व्यासाचे, सहा किलो दाबाचे २०० पीव्हीसी पाइप मागवले. भाव नगाला ५०० रुपये. मालाची किंमत १,००,००० रुपये. पीव्हीसी पाइपवर १८ टक्के जीएसटी आहे. दोघेही महाराष्ट्रातले असल्याने त्याचे दोन भाग होतात: सीजीएसटी ९,००० आणि एसजीएसटी ९,०००. बिल एकूण १,१८,००० रुपयांचे, तारीख २७ ऑक्टोबर २०२५. माल दुसऱ्या दिवशी दुकानात पोहोचला.

मोजणी केली तेव्हा १४ पाइपांची टोके फुटलेली निघाली. आणखी २६ पाइपांवर सहाऐवजी चार किलो दाब छापलेला होता. चार किलोचा पाइप सहा किलोचा म्हणून विकला आणि मोटारीच्या दाबाने तो शेतात फाटला, तर शेतकरी दुकानदाराच्याच दारात येणार. म्हणून ४० पाइप परत करायचे ठरले.

माल नाकारण्याचा हा हक्क १९३० च्या मालविक्री कायद्याने दिलेला आहे. खरेदीदाराला माल तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. मागवलेल्या मालात वेगळ्या वर्णनाचा माल मिसळून आला, तर ठरल्याप्रमाणे असलेला भाग ठेवून बाकीचा नाकारता येतो. हा हक्क टिकायला मात्र वेळेचे भान लागते. वाजवी मुदत उलटून गेली, तोवर खरेदीदाराने नकार कळवला नाही आणि माल स्वतःकडे ठेवला, तर त्याने तो स्वीकारला असे कायदा धरतो. त्यानंतर सहसा माल नाकारता येत नाही. झालेल्या तोट्यापोटी किंमत कमी करून मागता येते किंवा भरपाईचा दावा करता येतो, एवढेच.

म्हणून नकार त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, लेखी कळवावा. व्हॉट्सअॅपवर फुटलेल्या टोकांचे आणि पाइपांवरच्या छाप्याचे फोटो, सोबत बिल क्रमांक आणि नगांची संख्या एवढे पाठवले तरी पुढे वाद झाला तर ते उपयोगी पडते. गाडीवाल्याच्या पोचपावतीवर सही करताना ‘१४ नग फुटलेले, २६ नग चार किलोचे’ असा शेरा लिहून घेतला तर त्याहून चांगले. वाटेत फुटले की गोदामातूनच फुटके निघाले, या वादात तो शेरा कामी येतो.

डेबिट नोट: आपल्या वहीतली बाजू

१ नोव्हेंबरला दुकानदार ४० पाइप परत पाठवतो. मालासोबत अनुक्रमांक असलेले डिलिव्हरी चलन द्यायचे, कारण ही विक्री नाही. चलनावर मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, नगांची संख्या आणि परत करण्याचे कारण लिहायचे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल नेताना करासह किंमत एक लाखाच्या वर गेली तरच ई-वे बिल लागते. इथे ती २३,६०० रुपये आहे, म्हणून चलन पुरते. पाइप तेलंगणातून आले असते तर ही मर्यादा ५०,००० रुपये असती.

त्याच दिवशी डेबिट नोट लिहायची. तिच्यात पुरवठादाराचे नाव आणि जीएसटी क्रमांक, मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख, परत जाणारे नग, भाव, कर आणि कारण असावे. भाव मूळ बिलातलाच धरायचा. आज बाजारात पाइप महाग झाला असला तरी परतीची किंमत ५०० रुपयेच. ४० नगांचे २०,००० रुपये, त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे ३,६०० रुपये कर, मिळून २३,६०० रुपये.

परत जाणाऱ्या गाडीचे भाडे आणि हमाली कोणी सोसायची, हे दोघांच्या बोलीवर अवलंबून असते. ती रक्कम मालाच्या किमतीत मिसळू नये. मूळ बिलातून जेवढी किंमत कमी होणार तेवढ्यावरचाच कर मागे येतो. भाड्याची रक्कम डेबिट नोटमधल्या मालाच्या ओळीत घातली, तर पुरवठादाराची क्रेडिट नोट आणि आपली डेबिट नोट कधीच जुळत नाहीत.

आता रोजकीर्दीतली नोंद. बहुतेक ठिकाणी डेबिट नोट लिहिल्याबरोबर ३,६०० रुपये थेट इनपुट कराच्या खात्यातून वजा केले जातात. तसे केले की आपल्या वहीतली इनपुट कराची शिल्लक आणि पोर्टलवरची शिल्लक त्या महिन्यात जुळत नाही, कारण पोर्टलला आपल्या डेबिट नोटचा पत्ता नसतो. त्यापेक्षा मधे एक खाते उघडावे. त्याला ‘परत मालावरील कर (प्रलंबित)’ असे नाव देता येईल. नोंद अशी होते:

पुरवठादाराचे खाते, नावे: २३,६०० रुपये
खरेदी परत खाते, जमा: २०,००० रुपये
परत मालावरील कर (प्रलंबित) खाते, जमा: ३,६०० रुपये

या नोंदीने पुरवठादाराचे देणे १,१८,००० वरून ९४,४०० वर आले. खरेदी २०,००० ने कमी झाली. साठ्यातून ४० पाइप वजा झाले. संगणकावर नोंद करताना नगांसह केली तरच साठा कमी होतो, हे ध्यानात ठेवावे. नुसती रक्कम टाकली तर वर्षअखेरीला साठ्यात ४० पाइप असल्याचे दिसते आणि दुकानात ते नसतात. कराचे ३,६०० रुपये मात्र अजून मधल्या खात्यात थांबलेले आहेत. इनपुट कराचे मूळ १८,००० जसेच्या तसे आहेत.

पुरवठादाराला संपूर्ण १,१८,००० आधीच दिले असतील, तर हीच नोंद केल्यावर त्याच्या खात्यात २३,६०० रुपये आपले येणे म्हणून दिसतील. ते पुढच्या बिलातून वळते करायचे किंवा परत मागायचे.

क्रेडिट नोट: कर हलवणारा कागद

जीएसटी कायद्याचे ३४ वे कलम या विषयाचे मूळ आहे. माल परत आला, कमी प्रतीचा निघाला किंवा बिलात कर जास्त लागला, तर नोंदणीकृत पुरवठादाराने क्रेडिट नोट द्यावी, असे ते सांगते. याच कलमात डेबिट नोटही आहे, पण ती पुरवठादाराचीच. बिलात किंमत किंवा कर कमी लागला असेल तेव्हा तो ती देतो. माल परत करणाऱ्या खरेदीदाराची डेबिट नोट या कायद्यात कुठेच येत नाही. ती व्यापारातली जुनी, उपयोगी रीत आहे, पण करापुरती तिची किंमत एका मागणीपत्राइतकी.

कायद्याने असे का केले असावे, ते हिशेबातून समजते. पुरवठादाराने १८,००० रुपये कर सरकारला भरला. दुकानदाराने तेवढ्याच रकमेची वजावट घेतली. ४० पाइप परत गेले म्हणजे पुरवठादाराची विक्री कमी झाली, म्हणून त्याचा कर ३,६०० ने कमी व्हायला हवा. दुकानदाराची खरेदीही कमी झाली, म्हणून त्याची वजावटही ३,६०० ने कमी व्हायला हवी. दोन्ही बाजू एकाच कागदाला बांधल्या की एकाने कर कमी करून घ्यायचा आणि दुसऱ्याने वजावट धरून ठेवायची, असे होत नाही. तो कागद म्हणजे क्रेडिट नोट. १ ऑक्टोबर २०२५ पासून ही गाठ आणखी घट्ट झाली आहे. खरेदीदाराने घेतलेली वजावट परत केली नसेल, तर पुरवठादाराला आपला कर कमी करता येत नाही, असा स्पष्ट बदल ३४ व्या कलमात झाला आहे.

आता आपल्या उदाहरणात तारखा कशा चालतात ते पाहू. २७ ऑक्टोबरचे बिल पुरवठादार ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत दाखवतो. १४ नोव्हेंबरला ते दुकानदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये येते. २० नोव्हेंबरपर्यंत भरायच्या ऑक्टोबरच्या जीएसटीआर-३बी मध्ये दुकानदार १८,००० रुपयांची वजावट घेतो. तोपर्यंत पाइप परत गेलेले आहेत, पण क्रेडिट नोट कोणत्याच रिटर्नमध्ये आलेली नाही.

पुरवठादाराने ६ नोव्हेंबरला क्रेडिट नोट काढली असे धरू. ती त्याच्या नोव्हेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये, ११ डिसेंबरपर्यंत जाईल. दुकानदाराला ती पोर्टलवरच्या इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीममध्ये, म्हणजे आयएमएसमध्ये दिसेल. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या या व्यवस्थेत समोरच्याने चढवलेला प्रत्येक कागद खरेदीदाराला स्वीकारता किंवा नाकारता येतो. काहीच केले नाही तर कागद स्वीकारला असे धरले जाते. दुकानदाराने क्रेडिट नोट स्वीकारली की १४ डिसेंबरच्या जीएसटीआर-२बी मध्ये ती येते आणि नोव्हेंबरच्या जीएसटीआर-३बी मधल्या वजावटीतून ३,६०० रुपये आपोआप वजा होतात. त्या वेळी वहीत दुसरी नोंद करायची:

परत मालावरील कर (प्रलंबित) खाते, नावे: ३,६०० रुपये
इनपुट सीजीएसटी, जमा: १,८०० रुपये
इनपुट एसजीएसटी, जमा: १,८०० रुपये

आता इनपुट कर १४,४०० वर आला, पोर्टलवरही तेवढाच झाला, आणि मधले खाते शून्यावर आले. हे मधले खातेच हिशेबाचा पहारेकरी आहे. दर महिन्याला रिटर्न भरण्याआधी ते उघडून पाहावे. त्यात शिल्लक असेल तर ती कुणाच्या तरी न आलेल्या क्रेडिट नोटची असते.

पाइप हैदराबादहून आले असते तर बिलात १८,००० रुपये आयजीएसटी लागला असता आणि परतीचे ३,६०० रुपयेही आयजीएसटीमधूनच वजा झाले असते. सीमेजवळच्या दुकानात दोन्ही बाजूंचा माल एकाच मापाचा, एकाच भावाचा असू शकतो. म्हणून परतीचे पाइप कोणत्या बिलातले आहेत हे पाइपवर छापलेला बॅच क्रमांक पाहून ठरवावे. हैदराबादचा माल नांदेडच्या बिलावर परत दाखवला, तर एका ठिकाणी आयजीएसटी जास्त राहतो, दुसऱ्या ठिकाणी सीजीएसटी-एसजीएसटी कमी होतो, आणि दोन्ही पुरवठादारांची खाती बिघडतात.

क्रेडिट नोट येतच नाही तेव्हा

खरी अडचण इथे असते. माल परत गेला, दुकानदाराने ९४,४०० रुपये देऊन टाकले, पुरवठादारानेही तोंडी मान्य केले, पण क्रेडिट नोट काढायचे राहून गेले. पुरवठादाराच्या वहीत दुकानदाराकडे २३,६०० रुपये बाकी दिसत राहतात. दुकानदाराच्या वहीत बाकी शून्य असते. दोघांचे संबंध चांगले असतील तर कुणी कुणाला विचारत नाही.

जीएसटी कायद्याच्या १६ व्या कलमात मात्र एक अट आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला किंमत आणि कर दिला नाही, तर न दिलेल्या रकमेपुरती वजावट व्याजासह परत करावी लागते. २७ ऑक्टोबर २०२५ च्या बिलाचे १८० दिवस २५ एप्रिल २०२६ ला संपतात. कागदोपत्री बिल अजून १,१८,००० रुपयांचेच आहे, आणि दुकानदाराने ९४,४०० च दिलेले आहेत. म्हणजे २३,६०० रुपये न दिलेले, आणि त्यातल्या ३,६०० रुपयांची वजावट परत करायची. माल परत गेला हे खरे असले तरी बिल कमी करणारा कागद नसल्यामुळे तपासणीत प्रश्न विचारला जाणारच. क्रेडिट नोट वेळेवर आली असती तर हेच ३,६०० रुपये व्याजाशिवाय गेले असते. थोडक्यात, परत केलेल्या मालाच्या करावर दुकानदाराचा हक्क कोणत्याच वाटेने राहत नाही. तो कर सरळ जाईल की व्याज घेऊन जाईल, एवढाच फरक.

दुसरी मुदत पुरवठादाराची आहे. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली, त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांतले जे आधी होईल तोवरच क्रेडिट नोट रिटर्नमध्ये दाखवून त्याला कर कमी करता येतो. आपल्या उदाहरणात २०२५-२६ मधली विक्री आहे, म्हणून ही मुदत फार तर ३० नोव्हेंबर २०२६. त्यानंतर क्रेडिट नोट काढली तर तिने फक्त पैशाचा हिशेब होतो. भरलेला कर मागे येत नाही. मुदत उलटली की पुरवठादार सहसा ‘कराचे पैसे मी सोडणार नाही’ असे म्हणतो, कारण ते आता खरोखरच त्याच्या खिशातून जाणार असतात.

अशा वेळी, किंवा सुरुवातीपासूनच, आणखी एक मार्ग उपलब्ध आहे. २६ ऑक्टोबर २०१८ च्या ७२/४६/२०१८ या परिपत्रकात केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने तो स्पष्ट केला. परिपत्रक मुदत संपलेल्या औषधांसाठी होते, पण इतर कारणांनी परत जाणाऱ्या मालालाही ते लागू होऊ शकते, असे त्यातच म्हटले आहे. या मार्गात नोंदणीकृत खरेदीदार परत जाणाऱ्या मालाचे स्वतःच बिल काढतो, जणू तो तो माल पुरवठादाराला विकत आहे. ४० पाइपांचे २०,००० रुपये आणि ३,६०० रुपये कर असे ते बिल असते. दुकानदार हे ३,६०० आपल्या विक्रीवरचा कर म्हणून दाखवतो आणि आधी घेतलेल्या वजावटीतून भरतो. पुरवठादार त्या बिलावर वजावट घेतो. शेवटचा आकडा तोच, पण मूळ बिलाला हात न लावता. ३० नोव्हेंबर उलटून गेलेल्या परतीसाठी हा मार्ग विशेष उपयोगी आहे.

दोन्ही मार्ग एकाच मालासाठी वापरू नयेत, हे मात्र कटाक्षाने पाळावे. दुकानदाराने विक्रीबिल काढले आणि पुरवठादाराने त्याच ४० पाइपांची क्रेडिट नोटही चढवली, तर दुकानदाराचे ३,६०० दोनदा जातात. कोणता मार्ग घ्यायचा हे माल गाडीत चढण्याआधी फोनवर ठरवून घ्यावे आणि त्याप्रमाणे मालासोबत चलन किंवा बिल, यांपैकी एकच कागद द्यावा.

कधी पुरवठादार कर सोडून फक्त २०,००० रुपयांची क्रेडिट नोट देतो आणि ‘तुम्ही वजावट ठेवा, मी कर ठेवतो’ असे सांगतो. आकड्यांनी हे जुळते: दुकानदार ९८,००० देतो आणि १८,००० ची वजावट ठेवतो. पण मालच परत गेला असताना त्याच्या करावरची वजावट धरून ठेवणे म्हणजे उद्याच्या तपासणीत वाद ओढवून घेणे. मुदत शिल्लक असेल तर करासह क्रेडिट नोटच मागावी.

जिथे हिशेब चुकतो

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे आपली डेबिट नोट आपल्याच जीएसटीआर-१ मध्ये चढवणे. जीएसटीआर-१ हे आपल्या विक्रीचे विवरण आहे. खरेदी परतीची डेबिट नोट तिथे गेली की पोर्टल तिला विक्रीवरचा वाढीव कर समजते आणि ३,६०० रुपयांचे देणे उभे करते. पुढच्या महिन्यात पुरवठादाराची क्रेडिट नोट आली की वजावटीतूनही ३,६०० जातात. असे झाले आहे का, हे ओळखणे सोपे आहे. जीएसटीआर-१ मधल्या नोटांच्या रकान्यात ज्याच्याकडून आपण माल घेतो त्याचा जीएसटी क्रमांक दिसला आणि त्याला आपण काही विकलेले नसेल, तर चूक झालेली आहे.

दुसरी चूक सावध माणसाची आहे. क्रेडिट नोट यायच्या आधीच तो ऑक्टोबरच्या रिटर्नमध्ये १८,००० ऐवजी १४,४०० च वजावट घेतो. डिसेंबरमध्ये क्रेडिट नोट येते आणि पोर्टल आणखी ३,६०० वजा करते. त्याचे ७,२०० कमी होतात. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या कालावधीसाठी आयएमएसमध्ये याची सोय केली आहे. क्रेडिट नोट स्वीकारताना, तिच्यातला जो कर आपण घेतलाच नव्हता तो उलटवायचा नाही, असे तिथे नोंदवता येते. शंका असेल तर क्रेडिट नोट एका कर-कालावधीपुरती प्रलंबितही ठेवता येते. त्या वेळात आपली डेबिट नोट आणि त्याची क्रेडिट नोट नगांवर, किमतीवर आणि बिल क्रमांकावर ताडून पाहावी. नाकारण्याचे बटण मात्र विचार करून दाबावे. क्रेडिट नोट नाकारली की पुरवठादाराच्या पुढच्या रिटर्नमध्ये तेवढे देणे वाढते, आणि फोन तुम्हालाच येतो.

तिसरी गोष्ट ३१ मार्चची. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात परत गेलेल्या मालाची क्रेडिट नोट एप्रिलमध्ये येते. वहीत खरेदी परत मार्चमध्येच दाखवावी, कारण माल मार्चमध्ये गेला आणि साठाही तेव्हाच कमी झाला. कर मात्र एप्रिलच्या रिटर्नमध्ये कमी होईल. दरम्यान तो त्या मधल्या खात्यात उभा राहतो आणि ताळेबंदात दिसतो. ताळेबंद करताना हे खाते ‘जुळत नाही’ म्हणून घाईने शून्यावर आणू नये.

शेवटी, ज्यांचा कर या चक्रात येतच नाही त्यांच्याविषयी. कॉम्पोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराला वजावट मिळत नाही, त्यामुळे बिलातला कर त्याच्या खरेदीच्या किमतीचाच भाग असतो. त्याने माल परत केला तर डेबिट नोटची पूर्ण २३,६०० रुपयांची रक्कम खरेदीतून वजा करावी. उलटवण्यासारखे त्याच्याकडे काही नसते. तरीही त्याने करासह क्रेडिट नोट मागायलाच हवी, कारण ते ३,६०० रुपये त्याच्या स्वतःच्या खिशातले आहेत.

ज्या दुकानदारांना महिन्यातून एकदा तरी माल परत करावा लागतो, त्यांनी एक वेगळी वही किंवा फाइल ठेवावी. डेबिट नोट क्रमांक, पुरवठादार, मूळ बिल, रक्कम, मालाची पोच आणि क्रेडिट नोटची तारीख, एवढे सहा रकाने पुरे. शेवटचा रकाना रिकामा असेल तर पुढच्या बिलाचे पैसे देण्याआधी तो भरून घ्यावा. पुरवठादार पैसे मागायला फोन करतो, तीच क्रेडिट नोट मागण्याची योग्य वेळ असते.